दोनशे अक्षरांत सविनय

मुलाखत घेणारा माणूस मुलाखतीनंतर काय करतो, याबद्दल उमेदवारांच्या मनात फार भव्य कल्पना असतात. तो खुर्चीत मागे रेलतो, डोळे मिटतो आणि आपल्याबद्दल विचार करतो, असं त्यांना वाटतं. मी बरीच वर्षं आमच्या कंपनीत मुलाखती घेतोय, म्हणून खरं काय ते सांगतो. तो कॅन्टीनमधला साबुदाणा वडा संपायच्या आत तिथे पोचायला बघतो. जाता जाता फॉर्मवर चार ओळी खरडतो. पुढचा उमेदवार समोर येईपर्यंत आधीच्याचं नाव, चेहरा आणि अनुभव हे तिन्ही एकमेकांपासून सुटे झालेले असतात. संध्याकाळी लिंक्डइन उघडावं, तर कुणीतरी जोडून घ्यायला आलेलं असतं. सोबत चिठ्ठी नसते. फोटोत टाय असतो. सकाळी आलेल्यांपैकी टाय कुणीच घातलेला नव्हता.

चिठ्ठी असते तेव्हाही सगळं सुरळीत असतं असं नाही. एकाने ‘आपल्या प्रेरणादायी प्रवासाने भारावून गेलो’ असं लिहिलं होतं. माझा प्रवास हडपसर ते हिंजवडी असा आहे, आणि त्याने आजवर कुणी भारावलेलं मी पाहिलेलं नाही. दुसऱ्या एकीने आमच्या कंपनीच्या कार्यसंस्कृतीचं मनापासून कौतुक केलं होतं. फक्त नाव शेजारच्या इमारतीतल्या कंपनीचं होतं. सगळ्यांत अवघड चिठ्ठी ‘निकाल कधी कळेल?’ ही. उत्तर दिलं तरी पंचाईत, नाही दिलं तरी पंचाईत. निकाल कळवायचं काम एचआरचं. त्यांच्याआधी मी एक शब्द बोललो, तर पुढची मुलाखत माझीच. म्हणून अशी विनंती मी तशीच ठेवून देतो, आणि तिकडे तो बिचारा ‘साहेबांनी नाकारलं’ म्हणून जेवत नाही.

एवढा अनुभव गाठीशी असल्यामुळे भाचीची मुलाखत झाली तेव्हा ताईने मला बोलावून घेतलं. डेटा अ‍ॅनालिस्टची जागा होती, मुलाखत चांगली झाली होती, आणि शेवटी ज्यांनी प्रश्न विचारले त्या मॅनेजरबाईंना चिठ्ठी पाठवायची होती. मी पोचलो तेव्हा भावजींचा मसुदा तयार होता. भावजी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत.

“प्रति, माननीय व्यवस्थापक महोदया,” त्यांनी वाचायला सुरुवात केली, “विषय: दिनांक अमुक रोजी झालेल्या मुलाखतीच्या अनुषंगाने आपल्या व्यावसायिक संपर्कजाळ्यात समाविष्ट करून घेणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की—”

“बाबा, संपलं,” भाची म्हणाली.

“अजून मजकूर सुरू व्हायचाय!”

“अक्षरं संपली.”

फुकटच्या खात्यावरून जोडणीच्या विनंतीसोबत दोनशे अक्षरांचीच चिठ्ठी जाते. पैसे भरणाऱ्यांना तीनशे मिळतात. त्यात रिकाम्या जागाही मोजतात, आणि देवनागरीत लिहिलं तर काना, मात्रा, वेलांटी सगळ्यांचा वेगळा हिशोब. शिवाय फुकट खात्याला महिन्याला अशा मोजक्याच चिठ्ठ्या. त्या संपल्या की विनंती मुकी जाते. हे ऐकून भावजींनी सरकारचा निषेध केला.

ताईचं म्हणणं, ‘मुलगी फार कष्टाळू आहे’ एवढं तरी जाऊ दे. ताईच्या सासूबाई इतका वेळ शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्या वेळी तारेला शब्दागणिक पैसे पडायचे. कोण, कुठून, काय झालं, एवढंच लिहायचो. कष्टाळू आहे म्हणून कुणी तार करत नसे.”

माझी तज्ज्ञ म्हणून असलेली किंमत तिथेच संपली, कारण मलाही तेच सांगायचं होतं. कोण ते नावासकट, कुठल्या जागेची मुलाखत, आणि काय झालं. यातलं ‘काय झालं’ हेच महत्त्वाचं, कारण सुटा झालेला चेहरा त्याच धाग्याने पुन्हा नावाला जोडला जातो. ‘आपल्याशी बोलून खूप शिकायला मिळालं’ हे दिवसातला कुठलाही उमेदवार लिहू शकतो. जे फक्त त्या खोलीत, त्या दोघांतच घडलं, ते लिहायचं.

मी भाचीला विचारलं, “नक्की कशावर बोलणं झालं?”

“सगळ्यावर.”

“त्यातलं बाई कशावर थांबल्या?”

तेव्हा गोष्ट बाहेर आली. बाईंनी दुकानांची एक यादी आणि विक्रीची एक यादी दिली होती. ऑगस्टमधली प्रत्येक दुकानाची विक्री दाखवा, विक्री झाली नसेल तरी दुकान दिसलं पाहिजे. भाचीने LEFT JOIN लिहिलं, म्हणजे सगळी दुकानं आली. पण ‘महिना ऑगस्ट’ ही अट तिने खाली WHERE मध्ये टाकली. ज्या दुकानात काहीच विकलं गेलं नव्हतं, त्याच्यापुढे महिनाही रिकामा. रिकामा म्हणजे ऑगस्ट नव्हे, म्हणून ती सगळी दुकानं यादीतून गायब. बाईंनी भुवई उंचावली आणि वेळ संपली. घरी येऊन तिने तीच अट वर ON मध्ये नेली, तेव्हा दुकानं रिकाम्या विक्रीसकट परत आली.

“हेच लिही.”

“चुकलं होतं ते कशाला आठवण करून द्यायची?” ताई कळवळली.

“त्यांना आठवतंच आहे, ताई. भुवई त्यांची होती.”

चिठ्ठी गेली ती इंग्रजीत. मराठीत, नाव वगळता, तिचा आशय असा: ‘नमस्कार, मी सकाळी अ‍ॅनालिस्टच्या मुलाखतीला होते. शून्य विक्रीची दुकानं सापडली; अट ON मध्ये हवी होती. प्रश्न आवडला. संपर्कात राहायला आवडेल.’ मागणं काहीच नाही, ‘माझा विचार व्हावा’ नाही. रीतसर आभाराची मेल एचआरमार्फत वेगळी गेली होती, त्यामुळे सगळी नम्रता तिथे मावली. संपूर्ण क्वेरी चिठ्ठीत चिकटवायचा तिचा बेत मात्र मी हाणून पाडला. कंपनीचा प्रश्न उत्तरासकट जगजाहीर करण्याचा मोह तर त्याहून वाईट. भाच्याने ‘यावर पोस्ट टाक’ म्हणून सुचवलंच होतं.

तो भाचा हाच या सगळ्यातला खरा धोका. ‘दे इकडे, मी पाठवतो’ म्हणून त्याने फोन घेतला आणि अंगठा थेट Connect वर नेला. मोबाइलवर ते बटण दाबलं की कित्येकदा काही न विचारता विनंती रवाना होते. चिठ्ठी जोडायची सोय शेजारच्या तीन टिंबांच्या आत असते. मुकी विनंती गेली तर मागे घेता येते, पण मग त्याच माणसाला नव्याने पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. तोवर निकाल लागून दुसऱ्याला लॅपटॉपही मिळालेला असतो. आजींनी शेंगांची पाटी खाली ठेवून त्याचा हात धरला.

मग Pending आलं. दुसऱ्या दिवशीही Pending. भाची दिवसातून कितीदा तरी बाईंचं प्रोफाइल उघडून बघू लागली. कोण बघून गेलं ते त्यांना दिसतं, हे मी सांगितलं तेव्हा तिने फोन उशीखाली ठेवला. काही कंपन्यांत निर्णय होईपर्यंत उमेदवाराला जोडून घेऊ नये असा दंडक असतो, आणि काही माणसं लिंक्डइन फक्त नोकरी सोडायची असेल तेव्हाच उघडतात. थांबलेल्या विनंतीवरून निकाल ओळखणं म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. भावजींच्या मते स्मरणपत्र क्रमांक एक पाठवायला हवं होतं. ते आम्ही पाठवलं नाही.

शनिवारी रात्री बाईंनी विनंती स्वीकारली. खाली एक ओळही आली. भाचीने ती मोठ्याने वाचली: “छान. आणि एका दुकानाच्या ऑगस्टमध्ये दोन नोंदी असतील तर?”

घरात शांतता पसरली. भाची आतल्या खोलीत लॅपटॉप शोधायला गेली.

“पण पगाराचं काही लिहिलंय का?” भावजींनी विचारलं.