तिसऱ्या प्रुफानंतरचा नमस्कार

दादा, लग्नपत्रिकेच्या तिसऱ्या प्रुफावरचे आपले 'फक्त बारीक बदल' मिळाले. दोन चुलते वाढवायचे, कारखान्याचे माजी संचालक गणपतीच्या खालोखाल घ्यायचे आणि पाथर्डीचं मंगल कार्यालय काढून राहुरीचं टाकायचं.

आपलं ठरलं होतं ते २००० रुपयांत एक डिझाइन आणि तीन फेऱ्या. माझ्या हातून वेलांटी चुकली असेल तर ती केव्हाही फुकट सुधारतो. पण नवे चुलते ही काही शुद्धलेखनाची चूक नव्हे. ते आले की सगळ्यांचा टाइप दोन पॉइंटनं उतरतो आणि भोजनाची वेळ नेमकी घडीवर येते. म्हणून चौथ्या फेरीपासून दर फेरीला ४०० रुपये पडतील. 'अहमदनगर'चं 'अहिल्यानगर' केलं ते यात धरलेलं नाही. तो बदल सरकारचा होता.

यापुढे सगळे बदल एकदम आणि एकाच माणसानं लिहून कळवावेत. मामा रात्री व्हॉइस मेसेजवर वेगळंच सांगतात. बाकी रक्कम जमा झाली की छपाईची फाइल लगेच पाठवतो.

आणि संचालकसाहेबांचा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो छपाईला चालणार नाही. मूळ फोटो द्या, नाहीतर पत्रिकेत साहेबच स्वतःला ओळखणार नाहीत.