‘काही नाही’

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. या काळात ‘काय झालं?’ या माझ्या प्रश्नाला बायकोने सर्वाधिक वेळा दिलेलं उत्तर ‘काही नाही’ हे आहे. माझंही तिला तेच. फरक एवढाच, की माझ्या ‘काही नाही’मध्ये बहुतेक वेळा खरंच काही नसतं, आणि तिच्या ‘काही नाही’मध्ये माझ्या मावसबहिणीच्या लग्नात मी काय बोललो होतो तिथपासूनचं सगळं असतं.

गेल्या रविवारी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, “तुमच्या डोक्यात काय चालतं ते एक दिवस तरी मला कळायला हवं.” मी पेपराआडून म्हटलं, “मलाही.” आणि पेपर तसाच धरून मी तो दिवस मांडून पाहू लागलो. सकाळी सहा ते रात्री दहा. दोघांनाही एकमेकांच्या मनातलं सगळं ऐकू येणार, बंद करायचं बटण नाही.

पहिला घोटाळा चहापाशीच. मी तोंडाने म्हणणार, “छान झालाय.” मनात येणार, ‘आलं कमी पडलंय.’ तिला दोन्ही ऐकू जाणार. त्यावर तिच्या मनात, ‘उद्यापासून स्वतः टाका,’ आणि ते मला. सव्वा सहा वाजले नाहीत तोवर घरात शांतता, आणि या शांततेतही आवाज चालूच.

माझं म्हणणं, माझ्या ‘छान झालाय’ला खोटं म्हणणं अन्यायाचं आहे. मनात येणं वेगळं आणि मनात असणं वेगळं. मनात काय वाट्टेल ते येतं. उंच गच्चीवर उभं राहिलं की खाली उडी मारली तर, हेही येतं. म्हणून काही आपण कठडा ओलांडत नाही. आल्याची तक्रार माझ्या मनात आली. भल्या पहाटे उठून तिने माझ्याआधी गॅस पेटवला, याचं बरं वाटणं माझ्या मनात होतं. जिभेने दोन्हींतून एक निवडलं. त्या दिवशी मात्र ही निवड बाद. जे आलं ते पोचलं, आणि जे आहे ते, नेहमीचं असल्यामुळे, शब्दांत उमटलंच नाही.

माझ्या बाजूने मी ऐकायला बसणार ते मोठ्या अपेक्षेने. सव्वीस वर्षांच्या संसारात बायकोच्या मनात आपल्याविषयी काय काय साठलं असेल! आणि ऐकू काय यावं? ‘दूध उतू... नाही, कमी केलाय. गुडघा. सिलेंडर कधी लावला होता? गुडघा. वहिनींना फोन. साबुदाणा भिजत घातला का? घातला.’ दुपारी बारापर्यंत माझा उल्लेख दोनदा. त्यातला एक नळवाल्याबरोबर: ‘यांना सांगण्यापेक्षा त्यालाच फोन करते.’ तिने माझा राग राग केला असता तर मी समजून घेतलं असतं. पण साबुदाण्याच्याही मागचा नंबर?

(माझ्या मनात ती सकाळभर किती वेळा आली, हे मी इथे सांगणार नाही.)

एकमेकांना आपण मुळात किती ओळखतो, हे मोजायचा उद्योग विल्यम इक्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बरीच वर्षं केला आहे. त्याची रीत साधी आहे. दोघांच्या गप्पांचं चित्रण करायचं. मग दोघांना वेगवेगळं बसवून तेच चित्रण दाखवायचं. ‘इथे माझ्या मनात अमुक आलं होतं,’ असं जिथे आठवेल तिथे चित्र थांबवून ते लिहायचं. मग नेमक्या त्याच जागांवर दुसऱ्याला थांबवून विचारायचं, सांग, इथे तिच्या मनात काय होतं? दोन्ही कागद शेजारी ठेवून गुण द्यायचे. अनोळखी माणसांना शंभरात सुमारे वीस मिळतात. आणि नवराबायकोंना? तीस-पस्तीसच्या आसपास. म्हणजे शाळेच्या हिशेबाने काठावर पास. त्यात १९९७ साली न्यूझीलंडच्या संशोधकांना असं आढळलं, की लग्नाला जितकी जास्त वर्षं, तितके हे गुण कमी. जुनी जोडपी समोरच्याकडे बघतच नाहीत, आतल्या जुन्या वहीतून उत्तर देतात. ‘तिचं काय, तिला हेच वाटत असणार’ हे वाक्य मी स्वतः आठवड्यातून चारदा म्हणतो.

संध्याकाळी आम्हाला एका स्वागतसमारंभाला जायचं. ती हिरवी पैठणी नेसून आरशापुढे. “कशी दिसतेय?” एरवी या प्रश्नाला माझं उत्तर तयार असतं आणि ते खरंही असतं. पण त्या क्षणी माझ्या मनात चाललेलं असतं, ‘हॉलपाशी गाडी लावायला जागा मिळणार का?’ तिने विचारलं पैठणीचं, तिला ऐकू आली गाडी. हे निभावेल. पुढे हॉलमध्ये निळ्या साडीतली कुणी शेजारून गेली की डोळ्यांच्या मागोमाग मनही अर्धं पाऊल जातं, ते कसं निभावायचं?

इथे इक्सचाच आणखी एक प्रयोग आठवतो. १९९५ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रेमात असलेल्या जोड्या बोलावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्याच्या देखत परक्या, देखण्या माणसांचे फोटो दाखवायचे आणि दिसायला कसे वाटतात ते मोठ्याने सांगायला लावायचं. मग नेहमीप्रमाणे, ओळखा पाहू त्याच्या मनात काय होतं. जिथे समोरचे चेहरे फार देखणे आणि नातं नाजूक, तिथे जोडीदारांचे अंदाज सर्वांत चुकले. मला तर वाटतं, त्यांनी ते स्वतःच्याही नकळत चुकवले. आणि चार महिन्यांनी चौकशी केली, तेव्हा सगळ्यांत जास्त टिकल्या होत्या त्या याच चुकणाऱ्या जोड्या. आमच्या आजीच्या भाषेत याला कानाडोळा म्हणतात. कान आणि डोळा दोन्ही शाबूत असताना जमवायची ती गोष्ट आहे. त्या दिवशी कानाडोळा करायची सोयच नाही.

एक शेवटचा प्रयत्न म्हणून मी परतताना गजरा घ्यायचं ठरवतो. सिग्नलला टोपलीवाल्या मावशी दिसतात, मनात येतं, ‘मोगऱ्याचा घेऊ, तिला कळणार नाही असा मागून हातात ठेवू.’ शेजारच्या सीटवरून उत्तर हजर, “मोगरा नको, जाईचा घ्या. आणि वीस रुपये सुटे आहेत का?” गजरा येतो, तिच्या केसांत माळलाही जातो. त्याला वास मात्र दहा मिनिटं आधीच येऊन गेलेला असतो.

रात्री साडेनऊ. दोघंही दमलेलो. मन गप्प करायचं म्हणून तिने पाढे म्हणायला घेतलेत, तेराचा चाललाय, आणि तेरा सत्ते अडखळलंय. मला एक्याण्णव येतं. ते माझ्या मनात आलं, तिला ऐकू गेलं आणि ती खुदकन हसली. अख्ख्या दिवसातलं हे एकच हसू, तेही पाढ्यावर.

“अहो, अर्धा तास झाला, पेपराचं पान उलटलं नाही तुम्ही. कसला विचार चाललाय एवढा?”

“काही नाही,” मी म्हटलं.

“मग ही दुसरी जुडी घ्या,” ती म्हणाली आणि मेथी माझ्या पुढ्यात सरकवली.