फुटतूट धरून

पांढुर्ण्यात कुणी घरामागं एक खोली काढायचं नुसतं मनात आणलं, की टेपवाले भाऊ हजर. हे प्रत्येक गल्लीत एक असतात. सौंसरलाही आहेत, आणि पांढुर्ण्याच्या भाऊंचा हिशोब चुकीचा आहे हे सिद्ध करणं, एवढंच त्यांचं आयुष्य. पांढुर्णा जिल्हा झाला 2023 मध्ये; हा वाद त्याहून जुना.

परवाची खोली आतून बारा बाय दहा, उंची दहा. मिस्त्री म्हणाला, "चार हजार इटा बोलावून घ्या." भाऊंना ते सहन झालं नाही. "काहून बाप्पा? चौथी भिंत तं जुन्या घराची हाय!" त्यांनी मोजायच्या भिंती तीनच धरल्या. बाजूच्या दोन दहा-दहा फुटांच्या, समोरची साडेतेरा, कारण दोन्ही कोपऱ्यांची नऊ-नऊ इंच जाडी तिनं एकदाच घ्यायची. बाजूच्यांतही धरली तर कोपरे दुप्पट होतात. साडेतेहतीस गुणिले दहा, त्यातून दार-खिडकीचे सदतीस वजा. उरले 298 चौरस फूट. विटेचं माप मसाल्यासकट नऊ, साडेचार, तीन इंच आलं, तर नऊ इंची भिंतीत चौरस फुटाला पावणेअकराच्या आत विटा बसतात. म्हणजे 3180. फुटतूट शेकडा पाच. 3350. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटे उडतात तेव्हाही भाऊ काठावरून मोजतात म्हणे. तिथं फुटतूट धरत नाहीत.

जुडाईला एकास सहाच्या मसाल्यानं आठ पोती सिमेंट, सांडलवंड धरून नऊ. रेती साठ घनफूट. प्लास्टर, पाया, स्लॅब यांचा कागद वेगळा, तो दुसऱ्या खिशात.

रेतीपाशी मात्र भाऊ खरे रंगतात. ट्रॉली आली की ते काचेचा ग्लास मागतात. घरची सून चहा टाकते. भाऊ ग्लासात ओली रेती दहा बोटं भरतात, वरून पाणी ओतून ढवळतात. रेती खाली बसते आठ बोटं. "पाह्यलं? दोन बोटं नुसती हवा!" ओल्या रेतीचे कण एकमेकांपासून दूर राहतात, म्हणून ती फुगलेली दिसते. आठाची दहा झाली, तर साठीला पंच्याहत्तर मागवायची. तेवढ्यात ट्रॉलीवाला निघून गेलेला असतो.

रंगाच्या दिवशी घरमालकानंही तीनच भिंती धरल्या. भाऊ हसले. जुन्या भिंतीला वीट लागत नाही, रंग लागतो! चारही भिंती आणि छत मिळून 523 चौरस फूट. दोन हातांना लिटरमागे एकशेवीस, वर दहा टक्के, म्हणजे पाच लिटर.

खोली झाली. विटा शंभरेक उरल्या. घरमालकानं कौतुकानं सांगितलं, तर भाऊंनी टेप उघडला.

"न्हाणीपाशी ओटा होते न! सिमेंट मात्र एक पोतं लागन."