सात पंचेचाळीस म्हणजे सात पंचेचाळीस

कमलनगरात अडतीच्या धंद्यातले बरेच लोक तुरीकडे बघतात, अण्णा घड्याळाकडे बघतात. बाहेरगावचा खरेदीदार यायचा असला की आदल्या रात्री अण्णा जेवण उरकतात, चष्मा लावतात आणि मोबाइलवर एका बोटाने दिवस रचायला घेतात. काकू म्हणतात, "आमच्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा एवढ्या बारकाईनं काढला नव्हता." त्या लग्नाला वरात दोन तास उशिरा पोचली होती. अण्णांचं वेळेचं वेड तिथूनच सुरू झालं, असं लोक म्हणतात.

अण्णा दिवस शेवटाकडून लिहितात. मागच्या डिसेंबरात वाशीचे एक शेठ तूर बघायला आले. हैदराबादहून रात्री साडेदहाचं विमान, म्हणजे नऊला विमानतळावर. बिदरहून तिथं जायला, वाटेतला चहा धरून, साडेतीन तास, म्हणजे साडेपाचला बिदर सोडायचं. असं मागं मागं येत अण्णा सकाळपर्यंत पोचले आणि मग संदेश लिहिला:

"शेठ, नमस्कार. सकाळी ७:४५ बिदर, लॉजच्या दारात गाडी. १०:०० ते ११:०० उदगीर, डाळ मिल. ११:४५ ते २:४५ कमलनगर, दुकान, शेत आणि जेवण. ३:३० ते ४:१५ भालकी, गोदाम. ५:३० बिदरहून विमानतळाकडे. ड्रायव्हरचा नंबर व गाडीचा नंबर खाली."

वाचणाऱ्याला यात काही विशेष दिसत नाही. पण बिदरहून निघालेला माणूस भालकी आणि कमलनगर मागं टाकून आधी थेट उदगीरला का जातो, हे विचारा. अण्णांचं उत्तर तयार असतं: सगळ्यात लांबचं सगळ्यात आधी. मग पुढची प्रत्येक भेट माणसाला विमानाच्या जवळ आणते. उशीर झाला तरी गाडीचं तोंड बरोबर दिशेला असतं. उलट केलं तर दुपारी चारला तुम्ही उदगीरला असता, आणि विमान तिकडं इंजिन तापवत असतं.

भालकीचं गोदाम शेवटी ठेवलंय, तेही मुद्दाम. ती गळून पडणारी भेट. गोदाम वाटेवरच आहे, मालक मित्र आहे, नमुने पिशवीत आधीच काढून ठेवलेत. वेळ गेली तर गाडी थांबवायची, पिशवी घ्यायची, हात हलवायचा. प्रत्येक बेतात अशी एक भेट असावी लागते, आणि ती कोणती हे तिच्या मालकाला माहीत असावं लागतं, शेठना नाही.

आता मधल्या मोकळ्या वेळेचं. बिदर ते उदगीर दोन तासांच्या आतच. म्हणजे सव्वा-दोन तासांत वीस-पंचवीस मिनिटं अंगावर राहतात. ती अण्णा लिहीत नाहीत. कारण मोकळी मिनिटं कागदावर दिसली की यजमान त्यांत चहा ओततो. "अजून अर्धा तास हाय की तुमच्याकडं, बसा." रस्त्यावर किती वेळ जाईल ते मोजता येतं. आग्रहाला किती जाईल ते मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. म्हणून अण्णा मोकळी वेळ सगळीकडं सारखी वाटत नाहीत. मिलपाशी थोडी, जेवणापाशी भरपूर. मिलमालकाला निघायची वेळ दहा मिनिटं अलीकडची कळवतात, शेठना खरी.

ड्रायव्हरच्या बाबतीत मात्र ही युक्ती कधीच मेलेली आहे. अण्णा त्याला अर्धा तास आधीची वेळ द्यायचे. तीन-चार खेपांत त्याला हे उमगलं. आता अण्णा सव्वासात म्हणाले की तो पावणेआठ समजतो आणि आठला येतो. अण्णा वाढवतात, तो वजा करतो, आणि मुंबईचा माणूस लिहिलं तेवढंच खरं मानून सात चाळीसला बॅग घेऊन लॉजच्या पायरीवर उभा राहतो. त्या दिवशीही तेच झालं. गाडी आठला आली, पण अंगावरच्या मिनिटांनी तो झटका पचवला, दहाला दहा कमी असताना ते उदगीरला होते.

खरी कसोटी तारखेची होती. शेठनी न विचारता-सांगता थेट तिकीट काढलं होतं आणि दिवस नेमका मार्गशीर्ष अमावस्येचा, म्हणजे येळवशीचा. बिदर-लातूर पट्ट्यात त्या दिवशी बाजारात कुत्रंही भेटत नाही. सगळा गाव शेतात. कडब्याची कोप उभी करायची, आत पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, आंबील, उंडे. सीमेवर दोन राज्यांच्या सुट्ट्या बघाव्या लागतात हे अण्णांना पाठ आहे. १७ सप्टेंबरला इकडं कल्याण कर्नाटक उत्सव, तिकडं मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, दोन्हीकडं झेंडे. १ नोव्हेंबरला मात्र सुट्टी फक्त इकडं. येळवशीला सीमाच उरत नाही.

अण्णांनी तारीख बदलायचा आग्रह धरला नाही, माणसं बदलली. उदगीरच्या मालकाला फोन: "मशीन बंद असंल, पण तुम्ही या. तुरीला तेल-पाणी देऊन उन्हात वाळवायचं काम तसंही एका तासात दिसत नाही. शेठला डाळीचे नमुने दाखवा. शेतात न्यायचं नाही, आंबीलच मिलवर आणा." मालकानं शब्द पाळला. मिलची भेट पन्नास मिनिटांत आटोपली आणि अण्णा पहिल्यांदा हसले.

कमलनगरच्या दुकानात तूर बघणं झालं. शेठनी दाणे दाताखाली फोडले, ओलावा मोजायचं यंत्र लावलं, बारा टक्क्यांच्या आत आहे ना ते पाहिलं. तिथपर्यंत सगळं मिनिटाला मिनिट. मग शेत. कोपीपाशी बसलेल्या शेठना कोणी उठूच देईना. अण्णा घड्याळ दाखवत होते, शेजारच्या शेतावरून भज्जीचं पातेलं येत होतं. मग त्यापलीकडच्या शेतावरून. "शेठ, आमची चव तर बघा. त्यांची खाल्ली, आमची नाही?" पावणेतीनची गाडी तीन पंचवीसला सुटली. अण्णांनी भालकीला एकच शब्द पाठवला: "पिशवी."

गोदामाचे मालक पिशवी घेऊन रस्त्यावर उभे होते. देवाणघेवाण गाडीच्या खिडकीतून झाली.

आता ड्रायव्हरसाठी अण्णांनी नवी पद्धत काढली आहे. वेळ खरीच सांगायची, पण तिच्या आधी एक काम लावायचं: सव्वासातला पंपावर डिझेल भर आणि मीटरचा फोटो पाठव. फोटो आला नाही तर दुसऱ्या गाडीला फोन लावायला अर्धा तास हातात राहतो. खोटी वेळ वजा करता येते, फोटो वजा करता येत नाही.

त्या रात्री आठ वीसला विमानतळावरून शेठचा संदेश आला: "पोहोचलो. सगळं छान झालं. भरपूर वेळ आहे." वाचून आम्हाला वाटलं अण्णा सुखावतील. ते ताडकन उठून बसले.

"चाळीस मिनिटं शिल्लक?" ते म्हणाले. "मग भालकीचं गोदाम गाळलं कशाला?" आणि त्यांनी चष्मा लावून सकाळपासूनचा हिशोब पुन्हा मांडायला घेतला.