गोरी, गृहकृत्यदक्ष, टॅली येणारी

'पाहिजे : अकाउंट असिस्टंट. वय 21 ते 28. अविवाहित मुलीस प्राधान्य. बी.कॉम., टॅली. अस्खलित इंग्रजी, आकर्षक व्यक्तिमत्त्व. कामाचा ताण सहन करण्याची तयारी. स्वतःची दुचाकी. शाकाहारी असल्यास उत्तम. मालक सांगतील ती इतर कामे. पगार योग्यतेनुसार. फोटोसह अर्ज करावा.'

यातले 'बी.कॉम.' आणि 'टॅली' खोडून हा मजकूर वधूवर सूचक मंडळाच्या वहीत डकवला, तर संध्याकाळपर्यंत दोन पत्रिका जुळतील.

मजकूर नाशिकच्या एका शेठचा. विजेच्या सामानाचे घाऊक व्यापारी, गोडाऊन धरून 24 माणसं. पेपरात द्यायच्या आधी त्यांनी मला तो व्हॉट्सॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, ''शुद्धलेखन तेवढं बघा.'' शुद्धलेखन चोख होतं. त्या माणसानं दिवसभर करायचं काय, एवढंच लिहायचं राहून गेलं होतं.

मी तसं म्हटलं तर शेठ म्हणाले, ''अकाउंटचं काम. त्यात काय लिहायचं?'' इथेच सगळी गोम आहे. मालकाला काम नीट ठाऊक नसलं की तो कामाऐवजी माणसाचं वर्णन करायला लागतो. मग वय येतं, लग्न येतं, रंगरूप येतं आणि शेवटी ताट येतं.

काम ठाऊक होतं ते सोडून चाललेल्या बाईंना. नऊ वर्षं त्या टेबलावर काढलेल्या, नवऱ्याची बदली झाली म्हणून निघालेल्या. त्यांच्या डोक्यावर भिंतीला कालनिर्णय टांगलेलं होतं आणि त्यात लाल पेनानं गोल केलेले. 7 तारीख : टीडीएस भरणे. 11 : विक्रीचं विवरण, म्हणजे जीएसटीआर-1. 14 : जीएसटीआर-2बी येते. 15 : पीएफ आणि ईएसआय. 20 : 3बी आणि कराचा भरणा. शेठ रोज त्याच कॅलेंडरात चतुर्थी बघतात, पण हे गोल त्यांनी कधी वाचले नव्हते. नोकरीचं अख्खं वर्णन त्यांच्याच भिंतीवर लटकत होतं.

''ताण कुठे असतो?'' मी बाईंना विचारलं.

''14 ते 20,'' त्या म्हणाल्या. ''2बी आली की आपली खरेदीची बिलं तिच्याशी ताडून बघायची. दर महिन्याला दहा-बारा बिलं तिथे नसतातच. माल देणाऱ्यानं चढवलेलीच नसतात. ती नसली की तेवढ्या कराची वजावट अडकते आणि शेठचा पैसा अडकतो. मग एकेकाला फोन. 'भाऊ, तुमचं अमुक तारखेचं बिल दिसत नाहीये.' भाऊ म्हणतात, 'आमचे सीए बघतात.' सीए म्हणतात, 'पार्टीनं दिलंच नाही.' असं चार दिवस.''

म्हणजे या नोकरीचा गाभा काय, तर दोन याद्या ताडून पाहायची चिकाटी आणि फोनवर न चिडता, न सोडता पाठपुरावा. तोही मराठी-हिंदीत. जाहिरातीत यातलं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी मात्र अस्खलित हवं होतं. कशाला, तर दोन कंपन्यांच्या मेल इंग्रजीत येतात आणि त्यांना दोन ओळींचं उत्तर जातं. दोन ओळींत स्खलन व्हायला वाव तरी किती असणार?

मग मी शेठना त्यांच्याच जाहिरातीची चाळणी लावून दाखवली. नऊ वर्षांत ज्यांच्यामुळे एकदाही विलंब शुल्क भरावं लागलं नाही, त्या बाई आज अर्ज करत्या तर? वय 41, बाद. विवाहित, बाद. पदवी बी.ए., विषय मराठी, बाद. दुचाकी येत नाही, बाद. शुक्रवारी डब्यात बांगडा असतो, तो तर सबंध मजल्याला कळतो. शेठ जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ''त्या आपल्या घरच्यासारख्या आहेत हो.''

घरच्यासारख्या होण्याआधी त्यांना दारातून आत यावं लागलं होतं, हे मी बोललो नाही. बोलायचं होतं ते एकेका अटीबद्दल. प्रश्न प्रत्येक वेळी एकच : ही अट कुठल्या कामासाठी? कामाचं नाव सांगता आलं तर अटीऐवजी ते कामच लिहायचं. सांगता आलं नाही तर अट खोडायची.

दुचाकी कशाला? आठवड्यातून दोनदा बँकेत चेक टाकायला. बँक दीड किलोमीटरवर. मग तसं लिहा, आणि रिक्षाचं भाडं कंपनीचं असंही लिहा. 28 ची मर्यादा कशाला? ''त्यापुढची माणसं पगार जास्त मागतात.'' मग पगारच छापा, वयाची भानगड कशाला? इथे शेठ अडले. आकडा त्यांच्या डोक्यात पक्का होता, 20,000. पण 'योग्यतेनुसार' लिहिलं की कुणी तरी गरजू 17 मागतो आणि त्याची योग्यता आपोआप तेवढीच ठरते. हे त्यांनी स्वतः कबूल केलं नाही. 'अं' म्हणाले फक्त.

आता अविवाहित मुलगी. 1974 साली पुण्याच्या टेल्कोनं इंजिनिअर हवेत म्हणून जाहिरात दिली आणि खाली स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी तळटीप टाकली. बंगळुरूला शिकणाऱ्या एका मुलीनं थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं आणि ती तिथे नोकरीला लागली. ती मुलगी म्हणजे सुधा मूर्ती. ही गोष्ट आपण इतकी मिटक्या मारत सांगतो की जणू प्रकरण तिथेच संपलं. संपलं नाही, नुसतं उलटं झालं. टेबलावरच्या कामाला आता 'मुलीच पाहिजेत', कारण मुली कमी पगारात, मान खाली घालून काम करतात अशी मालकांची ठाम समजूत. फक्त लग्न नको, कारण लग्नामागून बाळंतपण येतं. भरती करताना स्त्री-पुरुष भेद करू नये असं 1976 चा समान वेतनाचा कायदा सांगत होता आणि त्याच्या जागी आलेली वेतन संहिताही सांगते. जाहिरातींच्या पानावर मात्र या दोघांचाही वावर नसतो.

शेठचा हिशोब सरळ होता. ''26 आठवडे भरपगारी रजा. आम्ही लहान माणसं, कुठून द्यायची?''

''देतं कोण?'' मी विचारलं.

''मीच की.''

बाईंनी टेबलामागून घसा खाकरला. ''शेठ, आपण ईएसआयमध्ये आहोत.'' मग त्यांनी मांडून दाखवलं. महिना 21,000 पर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयमध्ये येतो. 20,000 वर मालकाचा हिस्सा सव्वातीन टक्के, म्हणजे 650 रुपये. कामगाराचा पाऊण टक्का, 150 रुपये. हे दर महिन्याच्या 15 तारखेला जातंच. हप्त्यांचे ठरलेले दिवस भरलेले असले, की बाळंतपणाच्या 26 आठवड्यांचे पैसे ईएसआय महामंडळ देतं, शेठ नव्हे. बदली माणूस शोधायची दगदग त्यांच्याच माथी, ती खरी. पण ज्या खर्चाच्या धास्तीनं ते वर्षानुवर्षं लग्न झालेल्या मुलींना नकार देत आले, तो खर्च त्यांच्या खिशातून जाणारच नव्हता. विम्याचा हप्ता भरायचा आणि वर अपघात नको म्हणून रस्त्यावरच यायचं नाही, असा हा व्यवहार. (पगार 21,000 च्या वर गेला की तो भार मालकावर येतो. पण तिथवर जायचा शेठचा विचार दिसला नाही.)

शाकाहाराचा मुद्दा लवकर उरकला. कामाचं नाव शेठना सांगता येईना, आणि त्या अटीआड खरं काय विचारलेलं असतं ते त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

सर्वात मजेशीर निघाली 'मालक सांगतील ती इतर कामे'. म्हणजे कोणती? बाई बोटांवर मोजू लागल्या. शेठच्या बंगल्याचं लाइटबिल भरणे. धाकट्या चिरंजीवांच्या कॉलेजचा फॉर्म. दिवाळीत 300 डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवणे. वहिनींच्या भिशीचा हिशोब. ''हे सगळं छापू?'' मी विचारलं. शेठ लाजले. दिवाळीचे डबे राहिले, कारण ते धंद्याचं काम आहे. भिशी घरी परत गेली.

शेवटी मजकूर असा झाला :

'अकाउंट असिस्टंट हवेत. खरेदी-विक्रीची बिलं रोज टॅलीत नोंदवणे. टीडीएस, पीएफ, ईएसआय व जीएसटीची मासिक कामं मुदतीत करणे. पुरवठादारांची बिलं 2बीशी ताडणे व न जुळल्यास फोनवर पाठपुरावा करणे. आठवड्यातून दोनदा बँक (रिक्षाभाडं मिळेल). दिवाळीत भेटवस्तूंच्या पाठवणीस मदत. टॅलीवर किमान 2 वर्षं काम केलेलं असावं, पदवी कोणतीही. इंग्रजी मेल वाचून थोडक्यात उत्तर लिहिता यावं. वेळ 10 ते 6:30, 14 ते 20 तारखेदरम्यान तीन-चार दिवस 8 पर्यंत. ऑफिस पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गरज असल्यास तळमजल्यावर टेबल देऊ. पगार 20,000, पीएफ, ईएसआय.'

कामं 'णे'वर संपवली की 'करणारा' की 'करणारी' हा घोळही राहत नाही. मजकूर लांबला म्हणून शेठ कुरकुरले, छोट्या जाहिरातीत शब्दागणिक पैसे पडतात. 'आकर्षक व्यक्तिमत्त्व' आणि मंडळी काढल्यावर फरक तीनेकशे रुपयांचा उरला. भिशीचा हिशोब नऊ वर्षं फुकट झाला होता, त्यापुढे हे काहीच नाही.

फोटोची अट गेली. नावाची कशी जाणार? थोरात आणि ॲटवेल यांनी 2007 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक प्रयोग मांडला होता. वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, नावं फक्त वेगळी. सवर्ण हिंदू नावांच्या तुलनेत दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं कमी वेळा आलं. जाहिरात कितीही स्वच्छ असली तरी पाकीट फोडणारा हात तोच असतो. म्हणून अर्ज आधी बाईंनी वाचायचे, नाव झाकून, आणि फक्त टॅली आणि 2बीचं काम बघून सहा जण निवडायचे, असं ठरलं. शेठ तयार झाले, कारण अर्ज वाचायचा त्यांना मनस्वी कंटाळा.

मुलाखतीला मीही बसलो होतो. तिसरी उमेदवार आली, तिशीची. न जुळणाऱ्या बिलांचं काय करता, याचं उत्तर तिनं इतकं तपशिलात दिलं की बाईंनी पेन खाली ठेवलं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग शेठ खुर्चीत मागे रेलले आणि अगदी मायेनं म्हणाले, ''आणि मग, लग्नाचं काय?''

''बघू की शेठ,'' ती म्हणाली. ''मुहूर्त 20 तारखेनंतरचा धरीन.''