बारा मेल, एक मायना

सहलीच्या कंपनीचं गिऱ्हाईक एकटं कधीच नसतं. ते बहिणीबरोबर येतं, विहिणीबरोबर येतं, भिशीच्या अख्ख्या गटाबरोबर येतं, आणि आपल्याला आलेला मेल दुसऱ्याला वाचून दाखवतं. त्यामुळे रेल्वेच्या आरक्षणापायी हंपी-बदामीची सहल आठवडाभर पुढे ढकलावी लागली आणि बारा जणांनी बारा प्रश्न विचारले, तेव्हा त्यांची उत्तरं शेजारी-शेजारी ठेवून वाचली जाणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. उत्तरं कार्यालयातल्या पाच जणांनी लिहिली. ती एका सुरात आणायचं काम माझ्याकडे आलं.

बँकेतून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले व्यवस्थापक ‘स.न.वि.वि.’ने सुरुवात करतात आणि ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’ने संपवतात, मधला मजकूर दीड ओळीचा. हिशेबनीस नमस्काराच्या भानगडीत पडत नाहीत, थेट ‘सदर रक्कम’. आरक्षण पाहणारा मुलगा ‘हाय काकू’ लिहितो आणि शेवटी जोडलेल्या हातांचं चित्र टाकतो, तेही दोनदा. सहलप्रमुख बाई बोलतात तशाच लिहितात: ‘अहो, गुडघ्यांचं काय घेऊन बसलात, मी आहे ना!’ आणि नव्याने लागलेल्या मुलीने, पैसे परत मिळणार नाहीत हे सांगून झाल्यावर, ‘आपला दिवस आनंदात जावो’ असा समारोप केला होता.

अशा वेळी पहिला मोह होतो तो वरती एक नमस्कार, खाली एक सही चिकटवून मोकळं होण्याचा. मधला मजकूर मात्र लगेच चुगली करतो. म्हणून मी आधी बाराही मेल काहीही न बदलता वाचून काढते. मग बाराही नमस्कार एकदम लावते, नंतर बाराही समारोप, आणि मधले मजकूर शेवटी, पण एकाच बैठकीत. एकेक मेल पुरा करत गेलं की आठव्यापर्यंत आपलाच सूर बदललेला असतो. पहिल्या काकूंना चहा विचारलेला असतो आणि अकराव्या काकांना नुसती वेळ सांगितलेली असते.

नमस्काराची गोष्ट दिसते तितकी साधी नाही. जुन्या मायन्यात पायऱ्या होत्या: तीर्थरूपांना साष्टांग, बरोबरीच्यांना सप्रेम, धाकट्यांना अनेक आशीर्वाद. कोण कुठल्या पायरीवर हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. आम्हाला ठाऊक असतं ते फक्त नाव. ‘सौ.’ लिहावं तर समोरच्या बाई तो केव्हाच मागे टाकून आलेल्या असू शकतात. ‘श्रीमती’ लिहावं तर काही घरांत त्याचा भलताच अर्थ घेतात. नुसतं पहिलं नाव लिहिलं तर सत्तरीच्या गृहस्थांना वर्गात हजेरी घेतल्यासारखं वाटतं. शेवटी ठरलं ते असं: ‘नमस्कार’, आणि पुढे त्यांनी स्वतःच्या मेलखाली जसं लिहिलं असेल तसं पूर्ण नाव. काकू, ताई, साहेब हे फोनवर. त्यानंतर लगेच उत्तर, कारण मोबाईलवर मेल उघडण्याआधी पहिले काही शब्दच दिसतात. तिथे ‘आपला मेल मिळाला, आभारी आहोत’ एवढंच दिसलं तर आपले पैसे बुडाले अशीच माणसाची समजूत होते.

समारोपात व्याकरण आडवं येतं. ‘आपला विश्वासू’ पाच जणांना सारखं लावता येत नाही. दोघींना ‘आपली’ करावं लागतं, आणि घाईत नक्कल करताना ते राहतंच. मजकुरातही तेच. सहलप्रमुख बाईंचा ‘मी पाठवते’ उचलून हिशेबनिसांच्या नावाने गेला, तर गिऱ्हाईक रकमेपेक्षा त्याचीच चर्चा जास्त करेल. म्हणून कार्यालयासाठी सगळीकडे ‘आम्ही’ घेतलं आणि शेवटी ‘सस्नेह’, खाली नाव, त्याखाली फोन. काहींच्या मेलला खाली आपोआप सही जोडली जाते, ती आधी बंद करायला लावली. नाहीतर ‘सस्नेह’च्या खाली पुन्हा ‘आपला विश्वासू’ येतो आणि एकाच माणसाने दोनदा निरोप घेतल्यासारखं होतं.

या बाबतीत मला शिवाजी महाराजांच्या पत्रांचा हेवा वाटतो. मजकूर बाळाजी आवजी चिटणिसांच्या हातचा असो की दुसऱ्या कुणाच्या, शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब उमटली की पत्र संपलं. त्याखाली कुणाला एक ओळही घुसडता येत नसे, दोन जोडलेले हात तर नाहीच नाही.

खरी मेहनत ‘आपण’पाशी होती. व्यवस्थापकांच्या मेलमध्ये ‘आपण’ म्हणजे गिऱ्हाईक, सहलप्रमुखांच्या मेलमध्ये ‘आपण’ म्हणजे आपण सगळे. ‘आपण सकाळी सहाला स्टेशनवर यावे’ आणि ‘आपण सहाला स्टेशनवर भेटू’ ही वाक्यं एकाच घरात दोन बहिणींना गेली, तर कोण कोणाला आणायला जाणार यावर वाद ठरलेला. मी वाचणाऱ्याला ‘तुम्ही’ केलं आणि ‘आपण’ फक्त बरोबर चालण्यासाठी राखून ठेवलं. राहिलेले शोधायला संगणकावर ‘आपण’ टाकून भागत नाही, ‘आपला’ आणि ‘आपल्याला’ निसटतात. ‘आप’ एवढंच टाकावं लागतं; मग ‘आपोआप’ही सापडतं, पण ते सहन करायचं. तसंच ‘केले’ आणि ‘केलं’. दोन्ही चालतात, पण एका परिच्छेदात दोन्ही आले की दोन माणसं एकाच खुर्चीत बसल्यासारखी दिसतात.

हे सगळं जमलं तरी एक जागा अवघड राहते. हिशेबनिसांनी लिहिलं होतं: ‘सहलीची तारीख बदलल्याने सदर रक्कम रु. ४०००/- आपणांस परत करण्यात येईल. तरी बँकेचा तपशील पाठवावा.’ मी ते असं केलं: ‘नव्या तारखेला तुम्हाला येता येणार नाही हे समजलं. तुमचे ४००० रुपये आम्ही परत करतो. त्यासाठी बँक खात्याचा तपशील पाठवा.’ सूर जुळला. पण ‘करण्यात येईल’मध्ये जी ऐसपैस जागा होती ती ‘करतो’मध्ये उरली नाही, वाचणारा लगेच विचारणार, कधी? तारीख घालायची तर ती माझ्या मनाने घालता येत नाही. हिशेबनिसांना विचारलं. त्यांनी चष्मा वर केला, कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाले, ‘तपशील आल्यावर आठ दिवसांत. पण लिहून देऊ नका.’ लिहून दिलं, त्यांची संमती घेऊनच.

उलटही होतं. आरक्षणवाल्या मुलाने लिहिलं होतं, ‘खालचा बर्थ बघतो, काकू.’ त्याचं ‘आम्ही तुम्हाला खालचा बर्थ देऊ’ असं छान, घरंदाज वाक्य होत होतं. ते केलं नाही, कारण बर्थ रेल्वे देते, आम्ही नाही. ‘खालचा बर्थ मागितला आहे, मिळाला की कळवतो’ असं ठेवलं. वाक्य जरा लंगडं आहे, पण स्टेशनवर भांडण होणार नाही.

आणि सहलप्रमुखांच्या मेलमधलं ‘मी आहे ना’ मी काढलं नाही. नियमाप्रमाणे ‘आम्ही आहोत’ व्हायला हवं होतं. पण विरूपाक्ष मंदिराच्या पायऱ्यांवर त्या काकूंचा हात धरणार आहेत त्या बाईच, कार्यालय नव्हे.

मेल गेले. आता पुढच्या अष्टविनायकाच्या सहलीचे मसुदे येऊ लागलेत. मुलगा ‘नमस्कार’ लिहायला लागला आहे. व्यवस्थापक ‘सस्नेह’वर आले, मात्र त्याआधी ‘कळावे’ घालतातच. हिशेबनीस ‘सदर’ सोडायला तयार नाहीत. तो शब्द काढला तर रक्कम खरी वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.