आदरणीय काका, डागांविषयी थोडेसे

घरमालकाला पत्र लिहिताना मायना काय घालावा, हा प्रश्न डिपॉझिट परत मिळेपर्यंत फार नाजूक असतो. ‘महोदय’ म्हटलं तर कोर्टात निघालोय असं वाटतं, ‘प्रिय’ म्हणण्याजोगं काही उरलेलं नसतं. शेवटी मी ‘आदरणीय काका’ लिहिलं, कारण साठ हजारांपैकी तेहतीस हजार पाचशेच हातात आले होते आणि उरलेल्या साडेसव्वीस हजारांबद्दल आदर बाळगणं भाग होतं.

काकांनी वजावटीचा हिशेब वहीच्या पानावर दिला होता. हॉलच्या छताचा डाग, म्हणून रंगकाम १८,०००. बेडरूमच्या फरशीवरचे डाग, म्हणून अ‍ॅसिड आणि पॉलिश ६,५००. बेडरूमच्या भिंतीवर तेलाचा डाग, २,०००. खाली सही आणि तिच्याखाली ‘कळावे, लोभ असावा’.

आमचा करार रीतसर नोंदवलेला होता. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही अशी पुण्यात अर्ध्या लोकांची श्रद्धा आहे. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं! हे वाचून मला आमच्या नोंदणीबद्दल क्षणभर हळहळ वाटली. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला होता, त्यानं सगळं चोख केलं होतं.

त्या कराराला सामानाची यादी जोडलेली होती. पंखे ४, गीझर १, ट्यूबलाइट ५, पडद्यांचे रॉड ३. पंखे मोजणाऱ्या माणसाला पंख्याच्या वर छत असतं हे आठवत नाही. भिंत, फरशी, छत कशा अवस्थेत होतं, याबद्दल अवाक्षर नाही. आणि शेवटच्या पानावर मात्र ‘सर्वसामान्य झीज वगळता घर होते त्या स्थितीत परत करावे’. कुठल्या स्थितीत होतं, ते लिहायचं राहिलं. डिपॉझिटचे बहुतेक तंटे याच फटीत राहतात.

आमची फट बुजवली ती हिनं. किल्ल्या मिळाल्या त्या संध्याकाळी, खोकी अजून टेम्पोत असताना, ती मोबाइल घेऊन खोलीखोलीतून फिरली. मला तेव्हा हे अतीच वाटलं होतं. प्रत्येक डागाशेजारी तिनं मोजपट्टी धरली आणि मग सगळे फोटो काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून खाली लिहिलं, ‘काका, हे आधीपासूनचं आहे, माहितीसाठी.’ काकांचं उत्तर आलं, ‘हो हो, जुनंच आहे. चालायचंच.’ आणि पुढे हात जोडलेले. मूळ फोटो तिनं वेगळे जपून ठेवले, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेल्या फोटोतली काढल्याची तारीख-वेळ गळून जाते. निरोपाची तारीख तेवढी राहते.

एवढा पुरावा असताना पत्र दोन ओळींत संपलं असतं. पण अन्याय झालेल्या माणसाला दोन ओळी पुरत नाहीत.

‘छताचा डाग,’ मी लिहिलं, ‘आपण नीट पाहावा. त्याला तपकिरी कडा आहेत, एकीत एक. गच्चीतून झिरपलेलं पाणी स्लॅबमधले क्षार आणि मळ बरोबर आणतं, जिथवर पसरतं तिथे वाळतं आणि वाळताना सगळं कडेला सोडून जातं. पुढच्या खेपेला जास्त पाणी आलं की बाहेर नवी कड. झाडाच्या खोडाचं वय जसं वलयांवरून काढतात, तसंच हे. एका पावसाळ्याला एकच वलय असा नियम नसला तरी. नोव्हेंबरातल्या फोटोत तीन वलयं आहेत, आज चार आहेत. चौथं माझ्या कारकिर्दीतलं, हे मी नाकारत नाही. पण काका, ते पावसानं काढलं. मी त्या वेळी खाली बादली धरून उभा होतो.’

मग हिशेब. ओळखीच्या पेंटरनं छताला चौरस फुटाला १८ रुपये सांगितले होते. हॉल १० बाय १२ चा, म्हणजे १२० चौरस फूट, २,१६० रुपये. काकांच्या अठरा हजारांत याच छताला आठ वेळा रंग बसला असता. आणि गच्चीची गळती थांबवल्याशिवाय आठही वेळा डाग पुन्हा वर आला असता.

फरशीचा मुद्दा मला जास्त प्रिय आहे. बेडरूमच्या मोझॅइकवर गंजाचे चार चौकोन होते, आयताच्या चार कोपऱ्यांवर. असे डाग लोखंडी पायांखाली ओल्या फडक्याचं पाणी साचून पडतात. आमच्याकडे लोखंडी कपाट कधीच नव्हतं. आमचं कपाट प्लायवूडचं, तेही स्वतःच्या पायावर धड उभं न राहणारं. किल्ल्या परत द्यायला बी विंगमध्ये काकांच्या नव्या फ्लॅटवर गेलो, तेव्हा काकूंनी चहा दिला आणि समोर एक जुनं हिरवं लोखंडी कपाट दिसलं. काका चष्मा शोधायला आत गेले तशी मी त्याच्या पायांमधलं अंतर वितीनं मोजलं. समोरून साडेचार विती, बाजूनं अडीच. फरशीवरही तेवढंच. काकू दारातून बघत होत्या. म्हणाल्या, ‘घ्यायचंय का? जुनं आहे हो, पण दणकट. त्याच घरात होतं.’

हे वाक्य मी पत्रात जसंच्या तसं घातलं. त्याखाली, केवळ माणुसकीच्या नात्यानं, एक सूचनाही: ‘अ‍ॅसिड मात्र लावू नका. मोझॅइकमध्ये संगमरवराचे तुकडे असतात, अ‍ॅसिड ते खातं. डाग जाईल न जाईल, फरशी नक्की खडबडीत होईल, आणि पुढच्या भाडेकरूकडून त्याचे पैसे मागताना आपल्याला अवघड जाईल.’

तेलाच्या डागाला मी एकच परिच्छेद दिला. तो जमिनीपासून तीन फुटांवर, पलंगावर टेकून बसणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर होता. ‘माझा पलंग समोरच्या भिंतीला होता. शिवाय आपण मला अनेकदा पाहिलं आहे. ज्याला डोक्यावर तेल लावायला काही कारणच उरलेलं नाही, त्याच्यावर हा आरोप करताना आपण निदान एकदा डोळे वर करायला हवे होते.’ काकांच्या स्वतःच्या दाट, चोपून बसवलेल्या केसांचा उल्लेख मी केला नाही. हिनं तो खोडला.

पत्राच्या शेवटी मुदत घातली: पंधरा दिवसांत पैसे, अन्यथा प्रत्येक वजावटीची पावती. स्पीड पोस्टानं पाठवलं. एकाच सोसायटीत ए विंगमधून बी विंगमध्ये जाणाऱ्या कागदासाठी पोस्टमननं जी नजर टाकली असेल ती असो; पण पोच हवी होती.

पैसे बाराव्या दिवशी आले, पाचशे कमी. खाली निरोप होता, ‘छत बघायला शिडी आणली, तिचं भाडं.’ मी म्हटलं, चालायचंच.

पुढची हकिकत शेजाऱ्यांकडून कळली. गच्चीची गळती दुरुस्त करणं हे सोसायटीचं काम, म्हणून काकांनी सोसायटीकडे अर्ज दिला. त्यातला वलयांचा परिच्छेद माझा होता, फक्त बादलीचं वाक्य गाळलेलं. सोसायटीचे सेक्रेटरी काका स्वतःच. त्यांनी स्वतःचा अर्ज स्वतः स्वीकारला, शिक्का मारून पोच घेतली आणि ‘डाग सदस्याच्या वापरामुळे पडला नसल्याचा पुरावा जोडावा’ असा शेरा मारला. त्याच रात्री हिच्या मोबाइलवर काकांचा निरोप आला: ‘ते मूळ फोटो पाठवता का?’